विलीनीकरणामुळे पद रद्द झाल्याने सशर्त राजीनामा आणि स्वेच्छा-निवृत्तीच्या रकमेबाबत प्रस्ताव

उद्यमबाग, बेळगाव
दि. 14 ऑक्टोबर 2024

प्रति,
माननीय मनुष्यबळ प्रमुख,
मुख्य कार्यालय, पुणे

महोदय,

दि. 8 ऑक्टोबरच्या बैठकीत उद्यमबाग युनिटची सगळी खरेदी यापुढे चाकणहून होईल, असे सांगण्यात आले. त्यामुळे येथील खरेदी व्यवस्थापकाचे पद उरत नाही. त्याच पगारात चाकणला येण्याचा पर्याय मी स्वीकारू शकत नाही. म्हणून या पत्राने राजीनामा देत आहे. तो पुढील अटींवरचा करार दोन्ही बाजूंनी सही झाल्यावरच लागू होईल. तोपर्यंत माझी सेवा व सर्व हक्क अबाधित राहतील.

बैठकीत दिलेल्या मसुद्यात राजीनाम्याचे कारण 'वैयक्तिक' असे छापले आहे. ते मला मान्य नाही. पद कंपनीच्या पुनर्रचनेत गेले आहे, तेव्हा करारात आणि अनुभवपत्रातही 'विलीनीकरणानंतर पद रद्द झाल्याने स्वेच्छा-निवृत्ती' असेच लिहावे. हा केवळ मानाचा मुद्दा नाही, करसवलतही या शब्दांवर अडते. ते खाली येतेच.

आपण तीन महिन्यांचा एकूण पगार, म्हणजे 98,000 च्या हिशेबाने 2,94,000 रुपये, देऊ केले आहेत आणि शेवटचा दिवस 31 डिसेंबर 2024 धरला आहे. पण नियुक्तिपत्राप्रमाणे नोटीस 90 दिवसांची आहे. नोटिशीच्या काळात मी काम करणार असल्याने त्या काळाचा पगार मला तसाही मिळणार. त्यावर आणखी तीन महिने दिले, तर 17 वर्षांच्या नोकरीला वर्षामागे जेमतेम 17,300 रुपये पडतात. व्यवस्थापकीय पदावर असल्याने कामगार कपातीची कायदेशीर भरपाई मी मागू शकत नाही, हे मला माहीत आहे. मात्र न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरण योजनेत सर्व कर्मचाऱ्यांची सेवा अखंड धरून, आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर पुढे चालवण्याचे कंपनीने मान्य केले आहे. माझी सेवा 9 जुलै 2007 पासून धरली जावी, हे त्यातूनच येते.

माझी मागणी पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याच्या एकूण पगाराची आहे: 17 × 98,000 = 16,66,000 रुपये. वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्ती धरली तर माझी अजून नऊ वर्षे शिल्लक आहेत, हे ध्यानात घ्यावे. रक्कम एकदम देणे जड जात असेल तर निम्मी शेवटच्या दिवशी आणि उरलेली 31 मार्च 2025 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या हप्त्याची तारीख करारातच लिहिलेली हवी.

आता शेवटच्या दिवसाबद्दल. आजपासून 90 दिवस मोजले तर 12 जानेवारी 2025 येतो, तो रविवार आहे. म्हणून सोमवार, 13 जानेवारी हा शेवटचा दिवस धरावा. 31 डिसेंबरला सेवा 17 वर्षे आणि सहा महिन्यांना थोडी कमी भरते, 13 जानेवारीला ती साडेसतरा वर्षांच्या पुढे जाते. ग्रॅच्युइटीत सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 52,000 आहेत, म्हणून 52,000 × 15 ÷ 26 = 30,000 रुपये वर्षाला. 17 वर्षांचे 5,10,000, तर 18 वर्षांचे 5,40,000. ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि कामगिरी भत्ता हे वरील 16,66,000 पेक्षा वेगळे आहेत. त्यातून काही वळते करू नये. शिल्लक 105 दिवसांच्या रजेचे, याच 52,000 वर महिना 30 दिवसांचा धरून, 1,82,000 रुपये होतात. वार्षिक 1,20,000 च्या कामगिरी भत्त्यातले एप्रिल ते डिसेंबरचे 90,000 रुपये द्यावेत.

कराबाबत विनंती अशी की, ही रक्कम एकट्या माझ्याशी झालेला समझोता म्हणून देऊ नये. आयकराच्या कलम 10(10सी) खालची 5 लाखांपर्यंतची सूट नियम 2बीए प्रमाणे केलेल्या योजनेलाच मिळते. योजना सर्व कर्मचाऱ्यांना खुली असावी लागते, दहा वर्षे सेवा किंवा चाळीस वर्षे वय ही अट असते, रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही आणि त्याच व्यवस्थापनाच्या दुसऱ्या कंपनीत त्या माणसाला घ्यायचे नाही. स्टोअर्स आणि अकाउंट्समधल्या जागाही जाणारच आहेत. उद्यमबाग युनिटसाठी लेखी योजना काढली तर सगळ्यांचेच काम होईल. नाहीतर पूर्ण रकमेवर टीडीएस कापला जाईल.

मसुद्यातले दोन वर्षे फौंड्री उद्योगात काम न करण्याचे कलम काढावे. उद्यमबाग, मच्छे, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे फौंड्री सोडून मी करू काय? शिवाय भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे अशी बंदी नोकरी सुटल्यावर टिकत नाही. पुरवठादारांचे दर बारा महिने बाहेर न सांगण्याची हमी मी लेखी देतो. वादासाठी पुण्याऐवजी बेळगावचे न्यायालय असावे.

भविष्यनिर्वाह निधीबाबत एक अडचण आत्ताच सोडवावी. विलीनीकरणानंतर आमचे खाते नव्या आस्थापना क्रमांकाखाली गेले आहे. जुन्या क्रमांकावर नोकरी सोडल्याची तारीख आणि नव्यावर रुजू झाल्याची तारीख एकमेकांवर चढली तर पुढे दावा अडकतो. 31 मार्च आणि 1 एप्रिल 2024 अशा लागोपाठच्या तारखा आहेत ना, हे तपासून कळवावे. गट आरोग्य विमा चालू पॉलिसी संपेपर्यंत, म्हणजे 31 मार्च 2025 पर्यंत, कुटुंबासह चालू ठेवावा.

नोटिशीच्या काळात मी काम पूर्ण सोपवून जाईन. दोन गोष्टींना वेळ लागेल. आपले 63 पॅटर्न तीन मशीन शॉपमध्ये पडून आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच पॅटर्नवर क्रमांक नुसते खडूने लिहिलेले आहेत. हात लागला की खडू पुसतो, मग कोणता पॅटर्न कोणत्या हाऊसिंगचा, यावर भांडण. प्रत्येकावर ठोकलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला लावून, फोटोसह यादी 30 नोव्हेंबरपर्यंत देतो. दुसरे, बेंटोनाइट, कोळसा भुकटी आणि जॉबवर्कचे 11 पुरवठादार सूक्ष्म किंवा लघू उद्योगात नोंदलेले आहेत. पुण्याच्या प्रणालीत सर्वांना 60 दिवसांची उधारी लागली आहे. या 11 जणांना ती 45 दिवसांवर आणली नाही, तर मार्चअखेर थकलेली रक्कम कलम 43बी(एच) मुळे त्या वर्षी खर्च म्हणून मिळणार नाही. हा बदल मुख्य कार्यालयातूनच होऊ शकतो, कृपया याच महिन्यात करावा.

शेवटच्या दिवशी कार्यमुक्ती पत्र व अनुभवपत्र हातात मिळावे. अंतिम हिशेब 30 दिवसांत व्हावा. ग्रॅच्युइटीला हीच मुदत आहे आणि उशीर झाल्यास तिच्यावर व्याज लागते. फॉर्म 16 नेहमीच्या मुदतीत ईमेलने चालेल.

करार कर्नाटकाच्या ई-स्टँप कागदावर, दोन प्रतींत करावा. आपले लेखी उत्तर सोमवार, 28 ऑक्टोबरपर्यंत मिळाले, तर दिवाळीच्या सुट्टीआधी मसुदा पक्का करता येईल. चर्चेसाठी पुण्याला येण्याची तयारी आहे, मात्र तोंडी ठरलेले त्याच दिवशी ईमेलवर यावे. कायदा विभागासाठी या पत्राची इंग्रजी प्रत जोडली आहे.

आपला विश्वासू,
खरेदी व्यवस्थापक, उद्यमबाग युनिट
कर्मचारी क्रमांक 214

सोबत: नियुक्तिपत्र (जुलै 2007), सप्टेंबर 2024 ची पगारपावती, रजेचा उतारा, इंग्रजी प्रत