पाण्यासाठी बोली: डायलिसिस सेंटरच्या मदतीसाठीचा लिलाव

चला मंडळी, बसून घ्या, मागचे उभे असतील तर उभे राहा पण पॅडल हातात ठेवा, खिशात नको, पर्समध्ये नको, हातात! आवाज येतोय ना मागेपर्यंत? मस्त.

नियम पटकन सांगतो. पॅडल वर म्हणजे बोली. केस सावरले, मित्राला हात केला, ते मी धरणार नाही, घाबरू नका. आकडा मी बोलणार, तुम्ही फक्त पॅडल वर करायचं, आणि मोठी उडी मारायची असेल तर सरळ ओरडून आकडा सांगा, मला आवडेल. दोन्ही बाजूला पिवळ्या टीशर्टमधली आपली मुलं उभी आहेत, तुमची बोली मला दिसली नाही तर ती ओरडतील. तीन वार म्हटलं आणि हातोडा पडला की विषय संपला.

आणि पैसे कुठे जाणार तेही आत्ताच ऐका. डायलिसिसचा पेशंट साधारण आठवड्यातून ३ वेळा येतो, दर वेळी ४ तास. या ४ तासांत मशीनमधून जवळपास १२० लिटर पाणी जातं, आणि पेशंटचं रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. म्हणून नळाचं पाणी चालत नाही, त्यातलं क्लोरीनसुद्धा आधी काढावं लागतं, नाहीतर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या सेंटरचा पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट जुना झालाय, तो बदलायचाय. आजचा प्रत्येक पैसा त्या पाण्यात जाणार, आणि तो तिथे जायलाच हवा. चला, सुरू!

लॉट नंबर १, ही सायकल! गिअरची, कोरी, हँडलवरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नाही, बघा. पाच हजारला कोण सुरू करतंय? पाच, पाच, पाच... कोणी नाही? बरं, तीन करा, तीनला घेतो, आला! तीन डावीकडे, साडेतीन? साडेतीन आले, चार? चार मागे, साडेचार, पाच, बघा आलोच ना पाचवर! साडेपाच? सहा? सहा त्या काकांकडे, साडेसहा ताईंकडे, काका सात? सात! ताई साडेसात? हो! आठ? आठ, काका जोरात आहेत, ताई, साडेआठ? साडेआठ! काका, नऊ? नाही? नक्की? साडेआठ एक वार, साडेआठ दोन वार... तीन वार! गेली, नंबर १४, सायकल ताईंची, टाळ्या! काका, पॅडल खाली ठेवू नका, पुढचं तुमच्यासाठीच आहे.

लॉट २, लाकडी बुद्धिबळ, सगळ्या सोंगट्या हाताने कोरलेल्या. हा घोडा बघा जरा, आयाळीची एकेक रेघ वेगळी आहे, मशीनवर हे होत नाही. दोन हजार? आले. तीन? चार? चार तिकडे, पाच? काका! पाच काकांकडे, सहा कोण? सहा आले उजवीकडून, काका सात? नाही. सहा एक वार, दोन वार, तीन वार, नंबर ६३, अभिनंदन!

लॉट ३, भिंतीवरचं घड्याळ, चालू आहे, वेळ बरोबर दाखवतंय, एक हजार? आले, दीड? दीड, दोन? दोन! अडीच? नाही, थांबत नाही मी, दोन एक वार, दोन वार, तीन वार, गेलं, नंबर २२.

लॉट ४. आता जरा नीट ऐका. पूर्ण दिवसाचं फॅमिली फोटोशूट, फोटोग्राफर स्वतः इथे बसलेत, हात वर करा सर. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे एका फ्रेममध्ये, असा फोटो घरात किती जणांकडे आहे? मोबाईलमध्ये हजार असतील, भिंतीवर एकही नसेल. दहा हजारला सुरू! आले. अकरा, बारा, बारा तिकडे, तेरा, चौदा, नंबर ८ आणि नंबर ३१, आता या दोघांचंच चाललंय, पंधरा? ८ नंबर, पंधरा! सोळा? ३१ नंबर, सोळा! सतरा? वहिनी, तुमच्याकडे बघतोय... सतरा! अठरा? अठरा! वहिनी एकोणीस? शेजारी विचारताय, विचारा, मी थांबतो... नाही? बरं, थांबा थांबा, फोटोग्राफर सर काय म्हणतायत? सर म्हणतायत दोघांनाही देतो, दोन शूट, प्रत्येकी अठरा! वहिनी, अठराला चालेल? चालेल! मग अठरा आणि अठरा, छत्तीस हजार, विकलं दोघांना! सरांसाठी जोरात टाळ्या, दुसरा अख्खा दिवस दिलाय त्यांनी.

आता लॉट ५. पडदा काढा. जवळच्या लोकांना दिसतंय, मागच्यांना सांगतो. हे चित्र आपल्याच सेंटरच्या एका पेशंटने काढलंय, डायलिसिस चालू असताना, बेडवर पडून. डाव्या हाताला सुया, तो हात अजिबात हलवायचा नाही, म्हणून पॅड मांडीवर टेकवून उजव्या हाताने. कोपऱ्यात बघा, रंगाची एक छोटी रेघ घसरलीय, मशीनचा अलार्म वाजला तेव्हाची. त्यांनी ती पुसली नाही, आणि मला वाटतं बरं केलं.

दहा हजार? आले. साडेबारा? काय म्हणालात? पंचवीस! नंबर ५२ ने पंचवीसची उडी मारली! याला म्हणतात बोली! साडेसत्तावीस? आले समोरून, तीस? ५२, तीस! आता पाचपाचने जाऊ. पस्तीस? समोर पस्तीस. चाळीस? ५२. पंचेचाळीस? उजवीकडे नवीन पॅडल, नंबर ७०, या या, उशिरा आलात पण आलात! पन्नास? ५२, पन्नास! पंचावन्न? ७०, हो! साठ? ५२... हो, साठ! पासष्ट? ७० नंबर, वेळ घ्या. एकसष्ट म्हणताय? घेतलं, एकसष्ट, पाणी एक हजारानेही शुद्ध होतं! ५२, आता तुमच्याकडे. एकसष्ट एक वार... एकसष्ट दोन वार... हातोडा वर आहे... पासष्ट! ५२ नंबर, पासष्ट! ७०, पुढे? नाही, हात जोडतायत. पासष्ट एक वार, दोन वार, तीन वार! विकलं! उभे राहा मंडळी, सगळे उभे राहा!

पाच लॉट मिळून एक लाख साडेसतरा हजार झालेत. उभेच आहात तर उभे राहूनच शेवटचं करू, यात वस्तू काही नाही, थेट प्लांटसाठी. मी आकडा बोलतो, ज्यांना द्यायचाय त्यांनी पॅडल वर धरून ठेवा, मुलं नंबर लिहून घेईपर्यंत खाली करू नका. पंचवीस हजार? एक... दोन, तिकडे मागे, थँक यू. दहा हजार? चार, पाच, सहा, काकासुद्धा! पाच हजार? अरे वा, मुलांनो, सावकाश लिहा, नंबर चुकवू नका. आणि एक हजार, ज्यांचं पॅडल आज अजून वर गेलं नाही त्यांनी आता करा... हे बघा, अख्खा हॉल!

धरून ठेवा, डावी बाजू अजून लिहायची राहिलीय. झालं? पेमेंटचं टेबल दाराच्या उजवीकडे आहे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, आणि नंबर १४, सायकल बाहेर लावून ठेवलीय, किल्ली टेबलावरच मिळेल.