‘सात परस’ कवितेतील एका ओळीविषयी

सोलापूर,
दि. १४ जुलै २०२४

आदरणीय कविवर्य,
सादर प्रणाम.

मी एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. आपल्या ‘सात परस’ या कवितेतील एका ओळीने मला गेले दोन महिने अडवून धरले आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. ती ओळ अशी : ‘विहिरीला पाणी लागले. आजीलाही लागले.’

वर्गात ही कविता वाचली तेव्हा बहुतेकांनी ओळीचा अर्थ बळीशी जोडला. शीतळासप्तमीच्या कहाणीत तळ्याला पाणी लागावे म्हणून सुनेच्या मुलाचा बळी दिला जातो. तसाच येथे आजीचा जीव गेला, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटच्या कडव्यात आजीची पाटी भिंतीशी पालथी पडलेली दिसते, तीही त्यांना मृत्यूचीच खूण वाटली. मला मात्र हा अर्थ फार मोठा आणि थोडा परका वाटतो, कारण कवितेत कोणी काही मागत नाही. तिथे नुसते काम चाललेले आहे.

सुट्टीत गावी, सांगोला तालुक्यात, मी ही कविता माझ्या आजीला वाचून दाखवली. १९७२च्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे आणि विहिरींवर दगडमातीच्या पाट्याही वाहिल्या आहेत. ओळ ऐकताच ती म्हणाली, “कंबरंत लागलं असंल तिच्या. पाणी लागलं की समदी आत वाकून बघत्यात, पाटीवालीकडं कोण बघतंय?” तोपर्यंत ‘लागणे’ म्हणजे दुखापत होणे, हा घरात रोज वापरला जाणारा अर्थ माझ्या ध्यानातच आला नव्हता.

त्यानंतर मी ही कविता जुन्या दिवाळी अंकात शोधून काढली. तिथे पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम आहे : ‘विहिरीला पाणी लागले, आजीलाही लागले.’ स्वल्पविराम असताना पहिल्या वाक्यातले ‘पाणी’ दुसऱ्यातही झिरपते, आणि मग आजीला ते पाणी बाधले किंवा तिलाही पाण्याची गरज भासली, असे अर्थ निघू शकतात; पूर्णविराम दिला की दुसऱ्या वाक्यातून पाणी निघून जाते आणि उरते ते फक्त आजीला लागलेले. संग्रहात हा बदल आपण जाणून केलात, की तो छपाईत झाला?

आपल्या मनात दुखापत होती, की मनाला लागणे होते, की विहिरीचे पाणी आणि आजीचे दुखणे एकाच क्रियापदात बांधायचे होते, हे जाणून घेण्याची मला फार इच्छा आहे. ओळीचा अर्थ कवीलाच विचारणे योग्य नाही, असे काही जण म्हणतात. परंतु आजीने विचारले आहे, “त्या बाईचं पुढं काय झालं?” आणि तिला उत्तर देण्याजोगे माझ्याकडे कवितेत काही सापडत नाही.

आपल्या सवडीने दोन ओळी लिहिल्यात तर मी त्या तिला वाचून दाखवीन.

आपली नम्र वाचक,
अश्विनी