विषय: वाढीव निधीविना एक वर्षाची मुदतवाढ मिळण्याबाबत

महोदया,

दिवाडीतील खाजन शेतात कोरगुट भाताची दुसऱ्या हंगामाची चाचणी गेल्या जुलैत बांध फुटून खारे पाणी शिरल्याने वाया गेली. बांध दिवाळीनंतर दुरुस्त झाला. पण मातीत मुरलेले मीठ पावसाळ्यातच धुऊन निघते, त्यामुळे मधल्या काळात पेरणी शक्य नव्हती. एकाच हंगामाच्या आकड्यांवर क्षारसहनशीलतेचा निष्कर्ष काढणे आम्हाला पटत नाही.

म्हणून येत्या ३१ मार्चला संपणारी मुदत एक वर्षाने वाढवावी, ही विनंती. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात कापणी, डिसेंबरअखेर माती-दाण्यांची तपासणी, फेब्रुवारीत अंतिम अहवाल. शिल्लक रकमेत हे भागेल; संशोधन साहाय्यकाचे मानधन मात्र एप्रिलपासून आमचे महाविद्यालय देईल. तसे पत्र व विनियोग प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
प्रकल्प प्रमुख, वनस्पतीशास्त्र विभाग