इयत्ता सातवी (तुकडी ब) : प्रथम सत्रातील परीक्षा व उपक्रमांचे वेळापत्रक

दिनांक : ६ जुलै २०२६

प्रति,
सर्व पालक,
इयत्ता सातवी, तुकडी ब

विषय : प्रथम सत्रातील परीक्षांच्या तारखा व उपक्रमांबाबत

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार. प्रथम सत्राचे नियोजन निश्चित झाले असून परीक्षांच्या व उपक्रमांच्या तारखा आपल्याला वेळेवर कळाव्यात, म्हणजे घरातील कार्यक्रम आणि बाहेरगावचा प्रवास त्यानुसार ठरवता येईल, या हेतूने हे पत्र पाठवीत आहे.

पहिली घटक चाचणी सोमवार, ३ ऑगस्ट ते गुरुवार, ६ ऑगस्ट या काळात होईल. प्रत्येक विषयाची चाचणी २० गुणांची असेल. पहिले तीन दिवस रोज दोन व शेवटच्या दिवशी फक्त भूगोलाची एक उत्तरपत्रिका लिहावी लागेल. चाचणी संपल्यावर त्या दिवशीच्या उर्वरित तासिका नेहमीप्रमाणे होतील. तपासलेल्या उत्तरपत्रिका सोमवार, १७ ऑगस्ट रोजी घरी पाठवल्या जातील. त्यांतील केवळ गुण न पाहता मुलांसोबत बसून चुका पाहाव्यात व सही करून दोन दिवसांत उत्तरपत्रिका परत कराव्यात, ही विनंती. गणितात उदाहरणाची रीत बरोबर असूनही वजाबाकीत हातचा चुकल्याने गुण जाणे आणि पायाच कच्चा असल्याने गुण जाणे, हे दोन्ही प्रगतिपुस्तकावर सारखेच दिसते. फरक कळतो तो उत्तरपत्रिका उघडल्यावरच.

प्रथम सत्र परीक्षेत प्रत्येक विषयाला लेखी ५० व तोंडी अथवा प्रात्यक्षिक १० असे गुण आहेत. तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा सोमवार, ५ ऑक्टोबर ते बुधवार, ७ ऑक्टोबर या काळात वर्गातच घेतली जाईल. लेखी परीक्षेचे वेळापत्रक असे आहे :

शुक्रवार, ९ ऑक्टोबर – मराठी
सोमवार, १२ ऑक्टोबर – गणित
मंगळवार, १३ ऑक्टोबर – हिंदी
बुधवार, १४ ऑक्टोबर – इंग्रजी
गुरुवार, १५ ऑक्टोबर – सामान्य विज्ञान
शुक्रवार, १६ ऑक्टोबर – इतिहास व नागरिकशास्त्र
शनिवार, १७ ऑक्टोबर – भूगोल

लेखी परीक्षेची वेळ सकाळी ८.३० ते १०.३० असून विद्यार्थ्यांनी ८.१५ पर्यंत वर्गात बसलेले असावे. कंपासपेटी, टोक केलेल्या दोन पेन्सिली, पट्टी व खोडरबर प्रत्येकाचे स्वतःचे असावे, कारण परीक्षेत वस्तूंची देवाणघेवाण करता येत नाही. भूगोलाच्या नकाशाचा सराव आतापासूनच आठवड्यातून एकदा करून घ्यावा. हा प्रश्न पाठांतराने सुटत नाही आणि बरीच मुले तो शेवटी घाईघाईत उरकतात.

आजारपणामुळे परीक्षा चुकल्यास त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयात कळवून नंतर वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. अशा विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा सुट्टीनंतर घेण्यात येईल. प्रवास किंवा घरगुती समारंभ या कारणासाठी मात्र फेरपरीक्षा घेता येणार नाही.

आता उपक्रमांविषयी. शनिवार, १८ जुलै रोजी वर्गांतर्गत वक्तृत्व स्पर्धा होईल. भाषण तीन मिनिटांचे असावे आणि विषय वर्गात सांगितले आहेत. विज्ञान प्रदर्शन शनिवार, २२ ऑगस्ट रोजी असून त्यासाठी चार-चार विद्यार्थ्यांचे गट केले आहेत. प्रकल्पाची कल्पना कच्च्या आकृतीसह शुक्रवार, २४ जुलैपर्यंत वहीत लिहून दाखवायची आहे, म्हणजे घटक चाचणीच्या आठवड्यात प्रकल्पाचे ओझे येणार नाही. प्रकल्प मुलांनी स्वतः करावा, असे मी मुद्दाम लिहीत आहे. घरातील मोठ्यांनी कापणे, जोडणे यांत हात द्यावा, पण परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला मूलच उभे राहणार असते. थोडी वाकडी चिकटलेली पण मुलाला समजावून सांगता येणारी प्रतिकृती आम्हाला अधिक मोलाची वाटते. विकत आणलेले तयार प्रकल्प स्वीकारले जाणार नाहीत.

पालक सभा शनिवार, २९ ऑगस्ट रोजी सकाळी १० वाजता वर्गातच होईल. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तोवर आपण पाहिलेल्या असतील, त्यामुळे बोलणे नेमके होईल. आई-वडिलांपैकी एकाने तरी यावेच. आंतरवर्गीय क्रीडा स्पर्धा मंगळवार व बुधवार, ८ व ९ सप्टेंबर रोजी आहेत. दोन्ही दिवशी खेळाचा गणवेश, बूट व पाण्याची बाटली आवश्यक आहे. दमा किंवा अन्य त्रास असलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांनी तसे लेखी कळवावे. सप्टेंबरच्या मध्यानंतर कोणताही मोठा उपक्रम ठेवलेला नाही. तो काळ उजळणीसाठी व वह्या पूर्ण करण्यासाठी राखला आहे.

हे पत्र वाचल्याची सही विद्यार्थ्याच्या दैनंदिनीत करून शुक्रवार, १० जुलैपर्यंत पाठवावी. शंका असल्यास दैनंदिनीत लिहावे किंवा दर बुधवारी दुपारी ३ ते ४ या वेळेत मला शिक्षक कक्षात भेटावे. अतिवृष्टीमुळे किंवा शासकीय आदेशामुळे तारखेत बदल झाल्यास तो दैनंदिनीतूनच कळवला जाईल. अन्यत्र फिरणाऱ्या निरोपांवर अवलंबून राहू नये.

कळावे,
आपली विश्वासू,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी (तुकडी ब)