हाताने ओवलेली मोत्याची नथ, चांदीच्या तारेत, प्रेसची

आधीच सांगते, ही नथ लखलखत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये लांबून डोळे दिपावेत असं काही हवं असेल तर अमेरिकन डायमंडची घ्या, ती झगमगते, तिचं कामच ते. ही मोत्याची आहे आणि मोत्यात आपल्याकडे चमक नाही, पाणी बघतात. माझी आजी मोती खिडकीशी धरून हळूहळू फिरवायची, उजेड पांढरा ठिपका होऊन वरच्यावर बसला तर नापास, आतून आल्यासारखा वाटला तर पास. मी पण तसेच निवडलेत.

नथीत 9 मोती आहेत, गोड्या पाण्यातले, कल्चर्ड. बसऱ्याचे नाहीत, या किमतीत कुणी बसरा म्हणून देत असेल तर जरा विचारा. रंग दुधाळ, दोन मोत्यांवर किंचित गुलाबी झाक आहे, ती फोटोत नीट येतच नाही, हातात घेतल्यावर दिसते. शिंपल्यात एकावर एक बारीक थर चढत जातात त्यातून हे तेज येतं, वरून पॉलिश मारलेलं नाही. त्यामुळे सगळे मोती तंतोतंत सारखे नसणार, एखाद्यावर बारीकशी खळी असेल.

मधला लाल खडा काचेचा आहे, माणिक नाही. मान हलली की तेवढा एकच चमकतो, बाकी नथ शांत असते, आणि मला ते तसंच हवं होतं. तार 92.5 चांदीची, वर सोन्याचा मुलामा, 1 मायक्रॉन. नवीन असताना तिला छान लकाकी आहे पण ती कायम तशीच राहील असं मी म्हणणार नाही, रोज घातली तर घामाने आणि घासून कडेला मुलामा उतरतो आणि खालची चांदी दिसायला लागते, सणावाराला घालणार असाल तर बराच टिकेल. पुन्हा मुलामा करून देते, त्याचे पैसे वेगळे.

लांबी 2.8 सेमी, वजन साधारण 4 ग्रॅम. नाक टोचलेलं नसलं तरी चालतं. प्रेस घट्ट वाटली तर बोटाने हलकेच उघडा, पक्कड लावू नका प्लीज.

परफ्यूम, हेअरस्प्रे आधी, नथ सगळ्यात शेवटी. काढल्यावर ओलसर मऊ फडक्याने पुसून, सुकवून मलमलमध्ये गुंडाळून ठेवा. मोती परफ्यूमने निस्तेज होतात आणि एकदा झाले की परत पहिल्यासारखे होत नाहीत, मी पण काही करू शकत नाही.

फोटो सकाळी खिडकीतल्या उजेडात मोबाइलवर काढलेत, फिल्टर नाही. तिसरा फोटो मुद्दाम ट्यूबलाइटखाली काढलाय, त्यात नथ जरा फिकी दिसते, पण तुमच्या घरी बहुतेक तशीच दिसेल म्हणून ठेवलाय.

किंमत 1,650 रुपये, कुरियर धरून. ऑर्डर आल्यावर बनवायला घेते, 6 ते 7 दिवस लागतात. बघून मन नाही भरलं तर न वापरता 5 दिवसांत परत पाठवा.