यान कुठे गेलं?

आठवीचा शेवटून दुसरा तास. सूर्यमालेचा धडा. ओळीने एकेक जण उभा राहून परिच्छेद वाचत होता आणि बाकीचे आपला परिच्छेद कधी येतो ते मोजत होते. बाई मधूनच विचारायच्या, "सर्वांत मोठा ग्रह?" सायलीचा हात वर. "वलयं कुणाला?" सायलीचा हात वर. असल्या प्रश्नाला हात वर करणं म्हणजे हजेरी दिल्यासारखंच. प्लूटोवर दोनच ओळी होत्या: 1930मध्ये शोध, 2006पासून बटुग्रह. तन्मयने त्या एका दमात संपवल्या आणि तो खाली बसला.

बाईंनी पुस्तक मिटलं. फळ्यावर एकाखाली एक तीन तारखा लिहिल्या.

19 जानेवारी 2006
24 ऑगस्ट 2006
14 जुलै 2015

"पहिल्या दिवशी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे निघालं. तेव्हा प्लूटो नववा ग्रह होता. दुसऱ्या दिवशी प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतदान केलं आणि तो ग्रह राहिला नाही. तिसऱ्या दिवशी यान त्याच्याजवळून गेलं. आता सांगा, ते यान ग्रहापाशी पोहोचलं की नाही?"

सायलीचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला.

"नाही," ती म्हणाली. "पोहोचलं तेव्हा तो ग्रह नव्हता."

"बरोबर का?" तन्मयने बाईंना विचारलं.

"मला काय विचारतोस? तिला विचार."

हे नवीनच होतं. तन्मय वळला, पण त्याच्याआधी मागच्या बाकावरून ओंकार बोलला. एरवी ओंकारचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा. "अगं, निघालं ना ग्रहाकडे? मग? वाटेत पाटी बदलली त्याला यान काय करणार?"

वर्ग हसला. सायली मात्र तापली. "पाटी नाही बदलली. तो आधीपासूनच ग्रह नव्हता, आपल्याला उशिरा कळलं."

"कळलं कुठे? ठरवलं!" रेहान उभा राहिला. "बाई, मतदान केलं म्हणालात ना तुम्ही? मतदानाने मॉनिटर ठरतो. कोण हुशार आहे ते मतदानाने ठरतं का?"

"आपल्या वर्गात तर नाहीच ठरत," कुणीतरी म्हणालं.

बाईंनी मतदानात ठरलेला नियम सांगितला: सूर्याभोवती फिरायला हवं, आकार जवळजवळ गोल हवा आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला हवा. प्लूटो तिसऱ्या अटीत अडकला. त्याच्या त्या भागात असे बरेच बर्फाळ गोळे आहेत.

"म्हणजे शेजारी जास्त म्हणून काढला?" ओंकारला हे अजिबात पटलं नाही.

"मग सगळ्या शेजाऱ्यांनाही ग्रह म्हण! पाठ कोण करणार?" सायलीने ऐकवलं. बाईंनी भर घातली, की 1801मध्ये सापडलेल्या सेरेसलाही कित्येक वर्षं ग्रहच म्हणत; पुढे तसे बरेच सापडत गेले आणि त्याचं नाव यादीतून गेलं. सायलीने "बघा!" म्हणून बाकावर हात आपटला. रेहान म्हणाला, हा तर त्याच्याच बाजूचा मुद्दा आहे. कुणाच्या बाजूचा यावरच दोघांची जुंपली. बाईंना मध्ये पडून निकाल लावून टाकावासा वाटला असणार, शिक्षकाला तो मोह होतोच. त्या खडूची भुकटी झटकत उभ्या राहिल्या.

खिडकीजवळची मुग्धा म्हणाली, "ज्यांनी शोधला ते होते का तेव्हा?"

"क्लाइड टॉम्बॉ. ते 1997मध्ये गेले. त्यांची थोडी रक्षा त्या यानात ठेवली होती."

वर्गातला कालवा एकदम थांबला.

"मग ते ग्रहापाशीच गेले," मुग्धा म्हणाली. "त्यांच्यासाठी तो ग्रहच होता."

"आणि यान?" सायलीने विचारलं. आवाज उतरला होता, पण हट्ट तसाच. "यानात आणि त्यांच्यात फरक कसा करणार? एकाच वेळी एकाच जागी पोहोचले ना?"

मुग्धाकडे याचं उत्तर नव्हतं. तन्मयकडे होतं, रेहानकडे वेगळं होतं, आणि ओंकार तर बाकावर गुडघा टेकून उभा होता. "प्लूटोला विचारा की! त्याच्यात काय बदललं? तो तसाच फिरतोय!"

"बाई, परीक्षेत काय लिहायचं?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

"परीक्षेत बटुग्रह लिहा. इथे काय ते तुम्ही ठरवा."

तास झाला. गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले तरी कुणी बसेना. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"सर, तुम्हीच सांगा, यान ग्रहापाशी पोहोचलं का?"

"कुठलं यान?"

पाच जणांनी एकदम सांगायला सुरुवात केली आणि सरांच्या पुढ्यात पाच वेगवेगळे प्रश्न येऊन पडले.

"सर, तिचं ऐकू नका," ओंकार पुढे आला, "आधी माझं ऐका."