ओमू आणि पूर्वाला, ताईकडून

ओमू, पूर्वा,

काल दार अडवलं, उखाणे घेतले, पाकीट पण घेतलं, पण मनातलं जे बोलायचं होतं ते त्या गर्दीत राहूनच गेलं, म्हणून हे लिहितेय. कांजूरच्या घरात सामान लागलं की दोघांनी शेजारी बसून वाचा, घाई नाही.

मला आशीर्वाद द्यायचा तर पत्रिकेतूनच सुचतो, तुम्हाला माहितीय. आजोबांच्या मांडीवर बसून पंचांग वाचायला शिकले, तेव्हापासून माणूस भेटलं की आधी नक्षत्र विचारते. ओमू, तुझी वृषभ रास, रोहिणी नक्षत्र, पहिलं चरण, त्याचं अक्षर 'ओ', म्हणून आजोबांनी ओंकार ठेवलं. आणि पूर्वा, तुझी कन्या रास, हस्त नक्षत्र, तुझंही पहिलंच चरण, अक्षर 'पू'. म्हणजे तुम्हा दोघांची नावं तुमच्या नक्षत्रांनीच दिलीत. काल तांदळात अंगठीने नाव लिहायची वेळ आली आणि ओमूने 'पूर्वा'च लिहिलं ना, तेव्हा मला भरून आलं. जन्माबरोबर आलेलं नाव आहे ते, तसंच राहू दे.

पत्रिका जुळवताना वृषभ-कन्या नवपंचम येतंय म्हटल्यावर आईचा चेहरा पडला होता, आठवतंय? मग गुरुजींनी समजावलं की राशीस्वामी शुक्र आणि बुध, दोघं मित्र, त्यामुळे तो दोष धरत नाहीत, आणि नाडी पण वेगळी आहे, ओमूची अंत्य, पूर्वाची आद्य. आईला तेवढं पुरलं. पण मला ज्याचा जास्त आनंद झाला ते कोणी बोललंच नाही, की रोहिणी आणि हस्त, दोन्ही नक्षत्रांचा स्वामी चंद्रच आहे आणि दोन्ही लग्नाच्या मुहूर्ताला घेतात ती नक्षत्रं आहेत. एकाच मालकाची दोन घरं म्हणा ना, चाळीतल्या समोरासमोरच्या खोल्यांसारखी.

आणि पाऊस बघा. सूर्य रोहिणीत जातो २५ मेच्या आसपास, म्हणजे मुंबई उकडून निघालेली असते, आंब्याच्या पेट्या संपत आलेल्या, टोपलीत जांभळं आलेली (जांभूळ हा रोहिणीचाच वृक्ष), आणि सगळे आभाळाकडे बघत असतात. मग मृग, आर्द्रा, पुनर्वसू करत करत २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागतं, गडगडाट करत जाता जाता येणारा तो पाऊस. त्या हस्तावरूनच आपण पाटावर हत्ती काढून भोंडला खेळतो. म्हणजे अख्खा पावसाळा तुम्हा दोघांच्या मध्ये बसलाय! मला तर हे सापडलं तेव्हाच वाटलं की हे लग्न होणार. तुमच्या घरात असाच भरपूर पाऊस पडो, वाट बघणं ओमूचं आणि शेवटच्या थेंबापर्यंत थांबणं पूर्वाचं.

पूर्वा, हस्त म्हणजे हात. पाच तारे, पाच बोटांसारखे, देवता सविता. तू काल काय केलंस ते तुला आठवणार पण नाही. पंगतीत आजीचा हात थरथरत होता, श्रीखंडाची वाटी सांडायला लागली, सगळे पाहुण्यांत होते, आणि तू शालूचा पदर खोचून, हातात चुडा, मेंदी, सगळं असताना पुरीचे बारीक तुकडे करून श्रीखंडात बुडवून तिला भरवलेस, आणि मध्येच तिचं तोंड पुसलंस. आजी रात्री मला म्हणाली, "पोरीच्या हाताला गुण आहे." तिला तुझं नक्षत्र माहीत नव्हतं. तुझ्या हाताला असंच यश येवो, तुझ्या पेशंट्सना पण आणि घराला पण. कन्येची माणसं सगळं स्वतःच्या अंगावर घेतात, यादी करतात आणि यादीतलं सगळं एकटीच उरकतात, तसं नको करूस. ओमूला कामं सांग. तो वृषभेचा आहे, पहिल्यांदा हलणार नाही, पण एकदा खांद्यावर घेतलं की शेवटपर्यंत ओढतो, रोहिणीचं चिन्हच गाडा आहे. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या रात्री त्यानेच काढल्या, एक शब्द न बोलता.

ओमू, आता तुझं. चंद्राच्या सत्तावीस बायका, सगळ्या दक्षाच्या मुली, पण चंद्र रोहिणीकडेच रमला, मग बाकीच्या बहिणी बापाकडे गेल्या, दक्षाने शाप दिला आणि चंद्र झिजायला लागला, शंकराची आराधना केली तेव्हा कुठे परत वाढायला लागला. ही गोष्ट आजोबा सांगायचे तेव्हा तू खूश व्हायचास, आपलं नक्षत्र लाडकं म्हणून. आणि लाडका आहेसच तू, आईचा, आजीचा, माझा, चंद्र उच्चीचा असलेलं बाळ म्हणून सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण त्या बाकीच्या सव्वीस जणींत हस्त पण होती रे. आता तुझ्या घरात ती आहे. तिच्या वाट्याला कधी दुसरा नंबर येऊ देऊ नकोस, ना आमच्यापुढे, ना ऑफिसपुढे. आणि डोंबिवलीला जात जा. तिचे आईबाबा आता दोघंच आहेत त्या घरात, एकुलती मुलगी दिलीय त्यांनी. लालबागला यायला तुला कोणी बोलवावं लागणार नाही, डोंबिवलीला मात्र तू आपणहून निघ.

एक सांगायचं राहिलं. दोघांचं पहिलं चरण म्हणजे नवमांशात दोघांचाही चंद्र मेषेत, मंगळाच्या घरात. पटकन तापाल दोघं. भांडा, खुशाल भांडा, पण उपाशी झोपू नका, आणि घरातून निघताना अबोला धरून निघू नका, ट्रेनचा प्रवास आहे रोजचा. हे ताई म्हणून सांगतेय, ज्योतिष म्हणून नाही.

काल गुरुजींनी हॉलच्या खिडकीतून ध्रुव दाखवला तो भर दुपारचा, बघून नमस्कार केलात तेवढाच. फेब्रुवारीत एखाद्या रात्री अकराच्या सुमारास गच्चीवर जा. पश्चिमेला लालसर रोहिणी असेल, ती मुंबईच्या उजेडातही दिसते, आणि आग्नेयेला हस्त वर येत असेल, ते जरा फिकट आहे, डोळे सरावेपर्यंत थांबावं लागेल. दोन्ही एकाच वेळी आभाळात दिसतात.

कॅलेंडरवर रोजचं नक्षत्र छापलेलं असतं. साधारण सत्तावीस दिवसांनी रोहिणी येते आणि तिथून नऊ दिवसांनी हस्त. माझी इच्छा आहे की रोहिणीच्या दिवशी पूर्वाने ओमूच्या आवडीचं काहीतरी करावं आणि हस्ताच्या दिवशी स्वयंपाकघर ओमूचं, पूर्वाने हात पण लावायचा नाही. वरणभात येतो त्याला, मीच शिकवलाय, तूप जास्त घालतो. सोबत जाईचं रोप पाठवलंय, हस्ताचं झाड, बाल्कनीत सकाळचं ऊन येतं त्या बाजूला ठेवा.

एकवीरेला जाऊन या, ओटी आईने भरून ठेवलीय, आणि जाताना आजीला फोन करा. सुखी राहा, भरल्या घरात राहा, दोघांना उदंड आयुष्य लाभो.

तुमचीच,
ताई